व्याख्यानाचे टिपण आणि सारांश : शब्द गाळावेत, संबंध गाळू नयेत

इंग्रजी माध्यमाच्या परदेशी विद्यापीठांत प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या भाषा-परीक्षांत एक प्रश्नप्रकार असा असतो, की परीक्षार्थीला एक छोटे व्याख्यान एकदाच ऐकवले जाते आणि त्याचा सारांश ठरलेल्या शब्दसंख्येत लिहावयास सांगितला जातो. पीटीई अकॅडेमिक या परीक्षेत हे ध्वनिमुद्रण साधारणतः 60 ते 90 सेकंदांचे असते, उत्तरासाठी 10 मिनिटे मिळतात आणि सारांश 50 ते 70 शब्दांत बसवावा लागतो. तो 40 शब्दांपेक्षा कमी किंवा 100 शब्दांपेक्षा अधिक झाला, तर रूपाचे गुण शून्य होतात. टोफेलच्या इंटरनेट आवृत्तीत 2005 पासून अनेक वर्षे याच कुळातील, पण अधिक कठीण असा प्रश्न होता. त्यात आधी एक उतारा वाचावयाचा, मग त्याच विषयावरील व्याख्यान ऐकावयाचे आणि दोहोंतील नाते उत्तरात मांडावयाचे असे. अशा प्रश्नांना संयुक्त सारांशाचे प्रश्न म्हणतात.

या प्रश्नांत गुण जातात ते बहुधा इंग्रजी कच्चे असल्यामुळे, असा समज आहे. पुष्कळदा कारण वेगळे असते. परीक्षार्थीने व्याख्यान समजून घेतलेले असते. परंतु दहा मिनिटांनंतर त्याच्यासमोर जो कागद असतो, त्यावर केवळ सुटे शब्द असतात. कोणत्या शब्दाचा कोणत्या शब्दाशी काय संबंध होता, हे त्या कागदावरून कळत नाही. मग तो संबंध अंदाजाने जोडला जातो आणि व्याख्यात्याने जे नाकारले, तेच उत्तरात त्याच्या तोंडी घातले जाते. म्हणून टिपणाची पद्धत ठरवताना पहिला प्रश्न असा, की काय लिहावयाचे आणि काय सोडावयाचे.

वेगाचा हिशेब

व्याख्याता मिनिटाला साधारण 150 शब्द बोलतो असे धरले, तर 80 सेकंदांत सुमारे 200 शब्द होतात. सर्वसामान्य माणूस हाताने मिनिटाला 25 शब्दांच्या आसपास लिहितो. म्हणजे त्याच 80 सेकंदांत त्याच्या हातून 33 शब्द उतरतात. ऐकलेल्या सहा शब्दांपैकी एकच शब्द कागदावर येऊ शकतो. या हिशेबातून सुटका नाही. जो परीक्षार्थी याहून अधिक लिहू पाहतो, तो लिहिण्याच्या नादात ऐकणे सोडतो. त्याची खूण कागदावरच दिसते : टिपणाचा वरचा भाग दाट असतो, खालचा विरळ, आणि शेवटचा मुद्दा तर नसतोच. व्याख्यानातील निष्कर्ष पुष्कळदा शेवटी येत असल्याने हे नुकसान सर्वांत महागात पडते.

यावर लघुलेखन हा उपाय नव्हे. आयझॅक पिटमन यांनी 1837 मध्ये प्रसिद्ध केलेली ध्वन्यनुसारी लिपी, किंवा तिच्या धर्तीवर तयार झालेले मराठी लघुलेखन, यांचा हेतू बोललेला प्रत्येक शब्द टिपणे हा आहे. कार्यालयात पत्राचा मजकूर सांगितला जात असताना किंवा सभागृहातील भाषण नोंदवताना तोच हेतू असतो. ती विद्या हस्तगत होण्यास दीर्घ सराव लागतो आणि नंतर त्या रेखा वाचून पुन्हा पूर्ण मजकूर लिहून काढावा लागतो. सारांशासाठी पूर्ण मजकूर नकोच असतो. येथे निवड ऐकतानाच करावी लागते. खुणा आणि संक्षेप हे त्या निवडीचे साधन आहे.

संक्षेप आधी ठरलेला असावा

मराठी पत्रलेखनात ‘सा. न. वि. वि.’ ही चार अक्षरे पिढ्यान्‌पिढ्या लिहिली गेली. साष्टांग नमस्कार विनंती विशेष, असा त्यांचा विस्तार करताना कोणी अडखळत नसे. कारण ती लिहिण्यापूर्वीच लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ठाऊक असत. संक्षेपाचे बळ त्याच्या आखूडपणात नसून या पूर्वपरिचयात आहे. परीक्षेच्या कक्षात ऐन वेळी सुचलेला संक्षेप त्याच लेखकाला दहा मिनिटांनंतर परका वाटतो. म्हणून थोड्या, परंतु कायमच्या खुणा आधी ठरवाव्यात. सात-आठ पुरतात.

त्या खुणा शब्दांसाठी नव्हे, संबंधांसाठी राखाव्यात. बाण (→) म्हणजे ‘यामुळे पुढचे घडले’. उलटा बाण (←) म्हणजे ‘याचे कारण पुढे आहे’. वर जाणारा बाण (↑) वाढ दाखवतो, खाली जाणारा (↓) घट. बरोबरीचे चिन्ह (=) व्याख्येसाठी, मोठ्या-लहानाचे चिन्ह (>) तुलनेसाठी. विरोधासाठी ‘पण!’ हा शब्दच उद्गारचिन्हासह लिहावा. नकारासाठी फुली काढून तिच्याभोवती गोल करावा (⊗). गणितात ‘म्हणून’ आणि ‘कारण’ यांसाठी तीन ठिपक्यांची दोन चिन्हे आहेत. परंतु घाईत ती एकमेकांसारखी दिसतात आणि कार्यकारणाची दिशाच उलटते. त्याऐवजी दोन दिशांचे बाण वापरणे सुरक्षित. बाणाला शेपूट नीट काढावे. नाही तर तो तुलनेच्या चिन्हासारखा दिसतो.

नकाराला गोल कशासाठी, हेही सांगावयास हवे. मराठीत नकार बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि कान त्याची तेथे वाट पाहतो. इंग्रजीत तो वाक्याच्या मध्यावर, हलक्या आवाजात निघून जातो. ‘हार्डली’, ‘फेल टू’, ‘रादर दॅन’, ‘अनलेस’ या शब्दांत तर ‘नॉट’ हा उघड नकारही नसतो. मराठी कानाला हे शब्द निसटण्याचा धोका अधिक, म्हणून ते ऐकताच बाकी सर्व सोडून गोलातली फुली आधी काढावी आणि नकार कशाचा, ते मागून लिहावे.

देवनागरीत संक्षेप कसा करावा

टिपणाच्या कागदाला गुण नसतात. ते कोणत्याही लिपीत लिहिलेले चालते. रोमन लिपीत लिहिणारे स्वर गाळून शब्द आखूड करतात आणि उरलेल्या व्यंजनांवरून शब्द ओळखू येतो. ही युक्ती देवनागरीत चालत नाही. देवनागरीत स्वर मात्रेच्या रूपाने व्यंजनालाच चिकटलेला असतो. मात्रा गाळून जागा वाचत नाही, वेळही थोडाच वाचतो, आणि शब्द मात्र ओळखेनासा होतो.

पहिले अक्षर लिहून टिंब देण्याची सवयही येथे फसते. मराठीतील शास्त्रीय शब्द बहुतांशी संस्कृत आहेत आणि ते प्र, वि, सं, अनु अशा मोजक्या उपसर्गांनी सुरू होतात. कागदावर ‘प्र.’ लिहिले, तर ते प्रमाण, प्रक्रिया, प्रदूषण, प्रदेश आणि प्रयोग यांपैकी काहीही असू शकते. ‘सं.’ म्हणजे संख्या, संशोधन, संस्था की संबंध? म्हणून उपसर्गापाशी न थांबता त्याच्या पुढचे एक अक्षर घ्यावे आणि शेपूट तोडावे : प्रक्रि, प्रदू, प्रमा, संशो, संस्था. विभक्तिप्रत्यय, ‘आहे’, ‘होते’, ‘असे’ हे सर्व गाळावे. ती कामे बाण करतात. शिरोरेखा काढू नये. मोडी लिहिणारे कारकून ओळीची रेघ आधीच आखून ठेवत आणि मग हात फारसा न उचलता लिहीत. तिच्या वेगाचे हे एक कारण होते. टिपणात ती रेघ नसली तरी अडत नाही.

देवनागरीचा एक लाभ मात्र मोठा आहे. अनोळखी इंग्रजी नाव किंवा संज्ञा कानावर पडली, की तिचे स्पेलिंग शोधण्यात वेळ न घालवता ती ऐकली तशी लिहिता येते. ‘सेडिमेंट’ हा शब्द ‘सेडि’ असा उतरवला, तर ध्वनी हाती राहतो. परंतु उत्तर इंग्रजीत लिहावयाचे असते आणि पीटीईत स्पेलिंगलाही गुण असतात. म्हणून स्पेलिंग पक्के ठाऊक असलेले शब्द रोमनमध्ये आणि शंका असलेले देवनागरीत, अशी सरमिसळ करावी. व्याख्यानातील मुख्य इंग्रजी संज्ञेचे मराठी भाषांतर करून ठेवू नये. उत्तराच्या वेळी मूळ संज्ञा आठवत नाही आणि भाषांतराचे पुन्हा भाषांतर करताना भलताच शब्द येतो.

एक व्याख्यान, दोन कागद

सरावासाठी रचलेले सुमारे दीड मिनिटांचे एक व्याख्यान घेऊ. मूळ इंग्रजीत ऐकावयाचे, असे समजून त्याचा आशय येथे मराठीत दिला आहे.

‘गोव्यातील नद्यांच्या मुखाजवळच्या सखल, खाऱ्या जमिनी बांध घालून शेतीखाली आणल्या गेल्या. त्यांना खाजन म्हणतात. बांधांमध्ये मानस नावाची लाकडी दारे बसवलेली असतात. ओहोटीच्या वेळी आतील पाणी दार बाहेर ढकलते आणि पाण्याचा निचरा होतो. भरतीच्या वेळी बाहेरील पाण्याच्या दाबाने ते बंद होते. त्यासाठी तेथे कोणी उभे राहावे लागत नाही. मानशीजवळ मासे पकडण्याच्या हक्काचा लिलाव होई आणि त्या उत्पन्नातून बांधांची दुरुस्ती केली जाई. आज अनेक खाजने पडीक आहेत. मजुरी वाढली म्हणून शेती परवडत नाही, असे सामान्यतः मानले जाते. हे खोटे नव्हे, पण पुरेसेही नव्हे. पूर्वी देखभाल गावकारीकडे, म्हणजे एकाच संस्थेकडे होती. 1964 च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली आणि वाटली गेली. त्यातच मासे भातापेक्षा अधिक पैसा देऊ लागले. त्यामुळे काही ठिकाणी दारे मुद्दाम उघडी ठेवली जातात, खारे पाणी आत शिरते आणि शेत निकामी होते.’

पहिल्या परीक्षार्थीचा कागद असा : खाजन, बांध, लाकडी दार, भरती-ओहोटी, लिलाव, पडीक, मजुरी वाढली, शेती परवडत नाही, 1964, मासे. यातील प्रत्येक शब्द बरोबर आहे. परंतु या कागदावरून सारांश लिहिणारा ‘मजुरी वाढल्यामुळे खाजन शेती पडीक झाली’ असेच लिहील. कारण कारण म्हणून दिसणारा तेवढाच मजकूर तेथे आहे. 1964 हे साल कशाशी जोडावयाचे, हे त्याला कळणार नाही. मासे चांगले की वाईट, हेही नाही. व्याख्यात्याने जे अपुरे ठरवले, तेच उत्तराचा मुख्य मुद्दा होऊन बसेल.

दुसऱ्या परीक्षार्थीचा कागद असा :

खाजन = सखल जमीन + बांध + मानस
ओहोटी → दार उघडे. भरती → बंद (माणूस ⊗)
मासे लिलाव → ₹ → बांध दुरु
म्हणे : मजुरी ↑ → शेती ↓
पण! पुरे ⊗ : 1964 → जबाब. वाटली
मासे ₹ > भात → दार उघडे → खारे → शेत ↓

सालाचा अंक धरून येथे 29 शब्द आहेत. म्हणजे वर केलेल्या हिशेबात ते बसतात. चौथ्या ओळीच्या आरंभीचा ‘म्हणे’ हा शब्द या टिपणातील सर्वांत मोलाचा आहे. पुढचे मत व्याख्यात्याचे नाही, लोकांचे आहे, हे तो सांगतो. इंग्रजी व्याख्यानात ‘इट इज ऑफन असूम्ड’, ‘मेनी पीपल बिलीव्ह’ अशा शब्दांनी सुरू होणारे वाक्य बहुधा खोडले जाण्यासाठीच आलेले असते. ते ऐकताच ‘म्हणे’ लिहून ठेवावे आणि पुढच्या ‘पण!’साठी जागा मोकळी ठेवावी. पाचव्या ओळीतील गोलाकित फुली ‘पुरे’ या शब्दाला लागली आहे, ‘मजुरी’ला नाही. मजुरीचे कारण खोटे ठरवलेले नाही, अपुरे ठरवले आहे. हा बारकावा टिपणात नसता, तर दुसऱ्या टोकाची चूक झाली असती.

या सहा ओळींवरून लिहिलेला सारांश मराठीत असा होईल : ‘गोव्यातील खाजन शेती बांध आणि भरती-ओहोटीने आपोआप उघडझाप करणाऱ्या मानशींवर उभी आहे. पूर्वी मासेमारीच्या लिलावातून मिळणारे उत्पन्न बांधांच्या दुरुस्तीला लागे. वाढती मजुरी हे तिच्या ऱ्हासाचे कारण मानले जाते. परंतु व्याख्यात्याच्या मते मुख्य कारण 1964 नंतर विभागलेली देखभालीची जबाबदारी हे आहे. मासे भातापेक्षा अधिक पैसा देत असल्याने दारे उघडी राहतात आणि शेते खारी होतात.’ हे 53 शब्द झाले. प्रत्येक वाक्य टिपणातील एक किंवा दोन ओळींचा विस्तार आहे आणि क्रमही तोच आहे. दार लाकडी असल्याचा तपशील टिपलाच नव्हता. उत्तराला त्याची गरज पडली नाही.

उतारा आणि व्याख्यान एकत्र असतील तेव्हा

संयुक्त प्रश्नात कागदावर मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे उताऱ्यातील मुद्दे, उजवीकडे व्याख्यानातील. टोफेलच्या त्या प्रश्नात उतारा उत्तर लिहिताना पुन्हा पडद्यावर दिसत असे, व्याख्यान मात्र परत ऐकावयास मिळत नसे. जेथे अशी व्यवस्था असेल, तेथे डावीकडे प्रत्येक मुद्द्यासाठी दोन-तीन शब्दच लिहावेत आणि खाली चांगले अंतर सोडावे. व्याख्याता त्या मुद्द्यावर आला, की त्याचे म्हणणे त्याच मुद्द्यासमोर उजवीकडे उतरवावे. वरील उदाहरणात डावीकडे ‘मजुरी ↑’ एवढेच पुरले असते आणि त्यासमोर उजवीकडे ‘पुरे ⊗ : जबाब. वाटली’ आले असते.

या मांडणीचा फायदा असा, की उजवी बाजू रिकामी राहिली तर ती लगेच दिसते. उताऱ्यात तीन मुद्दे असतील आणि उजवीकडे दोनच उत्तरे असतील, तर एक निसटले हे परीक्षार्थीला कळते. अशा वेळी अंदाजाने उत्तर रचू नये. ऐकलेले दोन मुद्दे पूर्ण मांडावेत. न ऐकलेला मुद्दा व्याख्यात्याच्या तोंडी घातल्यास उरलेला सारांशही अविश्वसनीय होतो.

टिपण तपासण्याची कसोटी

सरावात टिपण लगेच वाचून पाहू नये. तेव्हा व्याख्यान स्मरणात ताजे असते आणि कोणताही कागद चांगलाच वाटतो. रात्री घेतलेले टिपण सकाळी मोठ्याने, पूर्ण वाक्यांत वाचावे. ज्या खुणेपाशी थांबावे लागले, ती खूण यादीतून काढावी किंवा बदलावी. जेथे दोन शब्द वाचता आले पण त्यांना जोडणारे क्रियापद सुचले नाही, तेथे बाण राहून गेला आहे असे समजावे. मग टिपणातील शब्द मोजावेत. ते 40 च्या वर गेले असतील आणि खालचा भाग विरळ असेल, तर पुढच्या वेळी कमी लिहावे.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्ट आहे. व्याख्यानातील मूळ विचारच समजला नसेल, तर बाण कोठून कोठे काढावयाचा हे कोणतीही खूण सांगू शकत नाही. तसेच नामावली किंवा आकडेवारीनेच भरलेल्या व्याख्यानात संबंधांपेक्षा नावे आणि आकडे अधिक असतात. तेथे आकडे अंकांतच, एककासह आणि ज्याचे आहेत त्याच्या शेजारी लिहावेत. एकक सुटलेला आकडा दहा मिनिटांनंतर निरुपयोगी ठरतो. परीक्षांचे स्वरूप, वेळ आणि शब्दमर्यादा यांत वेळोवेळी बदल होत असतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी त्या त्या परीक्षेच्या अधिकृत संकेतस्थळावरील चालू नियम पाहून मगच सरावातील वेळ आणि शब्दसंख्या ठरवावी.